फोटोवरून गॅसचा रेग्युलेटर आणि नळी कशी तपासायची

माझी भाची २०२५च्या एप्रिलमध्ये नोकरीसाठी नागपूरला आली आणि मनीषनगरात भाड्याच्या खोलीत राहायला लागली. पहिल्याच रात्री तिचा निरोप आला : "मावशी, घरमालकानं सिलिंडर, शेगडी सगळं देऊन ठेवलं. चालते का पाहून सांग ना." सोबत एकच फोटो होता. ओट्याखालचा अंधार, त्यात लाल सिलिंडर आणि नारिंगी नळीचा एक वळसा. त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं.

मी हिंगणा एमआयडीसीत साच्यातून निघणाऱ्या भागांच्या तपासणीवर बरीच वर्षं काढली. त्यामुळे ओळखीतले लोक असे फोटो पाठवत असतात. फोटोवरून वस्तू नापास करता येते, पास करता येत नाही, हे आधीच सांगते. शिक्का चुकीचा असेल, तारीख उलटली असेल, ओतकाम कच्चं असेल तर ते फोटोत दिसतं. रेग्युलेटरच्या आतला रबरी पडदा फाटला आहे का, जोडातून गॅस झिरपतो का, हे दिसत नाही. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सोपं आहे.

आधी गॅस बंद

खोलीत गॅसचा वास येत असेल तर फोटोच्या भानगडीत पडू नका. रेग्युलेटरचं बटण बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो. एलपीजी हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत, ओट्याखाली साचून राहते. वास कमी झाला म्हणून लगेच आत जाऊन खाली वाकून फोटो काढणं म्हणूनच धोक्याचं आहे.

वास नसेल तर शेगडीचे बर्नर बंद करा, देवाजवळचा दिवा जळत असेल तर तो शांत करा. मग रेग्युलेटरचं बटण बंद करून खालची काळी कडी वर उचला, रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर पांढरी टोपी बसवा. नळी रेग्युलेटरपासून ओढून काढण्याची गरज नाही. जुनी नळी घट्ट बसलेली असते, ती ओढताना फाटते आणि मग तपासायचं काय तेच उरत नाही.

फोटो असा काढा

बहुतेकांचे फोटो एकाच कारणानं वाया जातात : मोबाइलचा फ्लॅश. ओतीव धातूवरची अक्षरं रंगवलेली नसतात, ती पृष्ठभागापासून जराशी उठलेली असतात. समोरून झगमगीत उजेड पडला की अक्षर आणि पाठ दोन्ही सारखेच चमकतात आणि मजकूर नाहीसा होतो. फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या कुणाला टॉर्च बाजूनं, जवळजवळ आडवी धरायला सांगा. मग प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि जे डोळ्यांना वाचता येत नव्हतं तेही वाचता येतं. दिवसा खिडकीतून तिरपा उजेड येत असेल तर टॉर्चही लागत नाही.

फोडणीच्या तेलाचा थर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. मोबाइल एक वीतभर लांब ठेवा. त्याहून जवळ नेलात तर बऱ्याच मोबाइलचं चित्र धूसर होतं. जवळ नेण्याऐवजी नंतर फोटो मोठा करून पाहिलेला चांगला. शेजारी पट्टी ठेवा. नळीवरचा मजकूर एका ओळीत लांबवर छापलेला असतो, तो एका फोटोत मावत नाही. नळी हळूहळू फिरवत तीन-चार फोटो काढा आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन-तीन अक्षरं येऊ द्या, म्हणजे ओळ सलग जुळवता येते. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक आकडे पुसट होतात. तीन आणि आठ यांतला फरक अशा वेळी कामाचा असतो.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ फोटो पाठवले. पुढे तेच घेऊन चालू.

नळी : आधी कोणता शिक्का, मग कोणती तारीख

"आयएसआय आहे ना, मग झालं" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. आयएसआयचा शिक्का एकच असला तरी तो कशासाठी दिला आहे हे त्याच्या डोक्यावरचा क्रमांक सांगतो. घरगुती गॅसच्या रबरी नळीसाठी तो `IS 9573` असतो, रेग्युलेटरसाठी `IS 9798`, आणि शेगडीसाठी `IS 4246`. शेगडीवरचा चकचकीत शिक्का पाहून लोक निर्धास्त होतात, पण तो नळीबद्दल अक्षरही सांगत नाही. पाण्याच्या रबरी नळीलाही आयएसआय मिळतं, तिथला क्रमांक `IS 444` असतो. ती नळी खोटी नसते, पण गॅससाठी नसते. पाण्यासाठी बनवलेल्या रबराला एलपीजी सोसेलच असं नाही. म्हणून शिक्का दिसला की पहिली नजर वरच्या क्रमांकावर जाऊ द्या.

शिक्क्याच्या खाली `CM/L` आणि त्यापुढे एक लांब आकडा असतो. तो त्या कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोचं `BIS Care` नावाचं मोबाइल अॅप फुकट मिळतं. त्यात `Verify Licence Details` इथे हा आकडा टाकला की परवाना कुणाचा, पत्ता कुठला आणि कोणत्या वस्तूसाठी, हे समोर येतं. इथे दोन गोष्टी ताडून पाहा : अॅपमधलं नाव आणि नळीवर छापलेलं नाव एकच आहे का, आणि वस्तू म्हणून गॅसची नळीच लिहिली आहे का. नक्कल करणारे कधी खऱ्या कारखान्याचा खरा आकडा उचलतात, पण नाव आपलं छापतात. तिथेच ते सापडतात.

एक बारीक गोष्ट. परवाना आज बंद दिसला म्हणून चार वर्षांपूर्वीची नळी आपोआप खोटी ठरत नाही, तेव्हा तो चालू असू शकतो. उलट आकडा अॅपमध्ये मुळीच सापडत नसेल तर फोटो पुन्हा काढून आकडा नीट वाचा, आणि तरीही सापडला नाही तर नळी बाजूला ठेवा.

भाचीची नळी या परीक्षेत उतरली. `IS 9573` स्पष्ट, आकडा सापडला, नाव जुळलं. गॅस एजन्सीत मिळते ती "सुरक्षा" प्रकारची नारिंगी नळी होती. ही नळी साध्या रबराची नसते. आत गॅस सोसणाऱ्या रबराचा थर, त्यावर पोलादी तारेची वीण आणि बाहेर नारिंगी आवरण, अशी तिची रचना असते. उंदरानं वरचं आवरण कुरतडलं तरी तार आडवी येते.

मग तारीख पाहिली. बनवल्याचा महिना जून २०१९. अशा नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात, म्हणजे ती जून २०२४पर्यंतची. फोटो आला एप्रिल २०२५मध्ये. घरमालक काका मात्र ठामपणे म्हणाले, "अहो, दोनच वर्षं झाली लावून." त्यांचंही खरं होतं. त्यांनी ती २०२३मध्ये लावली, पण त्याआधी चार वर्षं ती कुठेतरी पडून होती. रबर बांधून ठेवलं म्हणून त्याचं वय थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन दुकानातही त्याला खातच असतात, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तर ते काम अधिकच जोरात चालतं. म्हणून नळी कधी लावली हे विचारू नका, तिच्यावर काय छापलंय ते वाचा. नवी घेतानाही दुकानातच ओळ वाचा : पाचातली दोन वर्षं आधीच संपलेली नळी पूर्ण किमतीला का घ्यायची?

तारखेबाबत नवख्यांची एक ठरलेली चूक होते. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूनं ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची तारीख असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर आणि डी डिसेंबरअखेर. भाचीनं तोच फोटो "ही पाहा तारीख, अजून दोन वर्षं आहेत" म्हणून पाठवला होता. त्या तारखेचा नळीशी किंवा रेग्युलेटरशी काही संबंध नाही.

तारीख शिल्लक असली तरी नळीची अंगकाठी पाहावी लागते. शेगडीच्या नॉझलजवळ, म्हणजे नळी चढते त्या तोटीजवळ, आणि जिथे वळण आहे तिथे नळी हलकेच वाकवून, वळणाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो घ्या. आडव्या बारीक चिरा उघडल्या तर रबर संपलं. सरळ असताना या चिरा मिटलेल्या असतात, म्हणून न वाकवता घेतलेल्या फोटोत नळी नवीन दिसते. पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरू नका. रबरातलं मेण वर येतं, फडक्यानं पुसलं जातं, आणि ते दोष नसतं. पुसल्यावरही पांढरी रेघ राहिली तर ती चीर आहे.

नळी नव्यानं घेत असाल तर कापलेल्या टोकाचाही समोरून फोटो घ्या. मधलं भोक बरोबर मध्यावर हवं आणि भोवतीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर नळी बनताना आतला गाभा सरकला होता, आणि ती पातळ बाजूनंच आधी चिरते. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. आणि नळीवर कापड, प्लॅस्टिकचा पाइप असं काही चढवलेलं असेल तर ते काढल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका. उंदरांच्या भीतीनं किंवा नळी मळू नये म्हणून लोक ती झाकतात, आणि मग चिरा दिसायची वाटच बंद होते.

रेग्युलेटर : अक्षरांच्या कडा बोलतात

रेग्युलेटर बाजारातून विकत घ्यायची वस्तू नाही, हे बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसतं. तो तेल कंपनीचा असतो. कनेक्शन घेताना अनामत भरून तो आपल्याला वापरायला मिळतो, आणि कनेक्शनच्या कागदावर, म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचरवर, त्याची नोंद असते. एका कनेक्शनवर दोन सिलिंडर मिळू शकतात, रेग्युलेटर मात्र एकच. भाड्याच्या खोल्यांत घोळ इथेच होतो. घरमालक आपला जास्तीचा सिलिंडर भाडेकरूला देतो, पण त्याला लावायला रेग्युलेटर नसतो, आणि मग तो कुठून तरी विकत येतो.

भाचीच्या रेग्युलेटरवर कुठल्याही तेल कंपनीचं नाव नव्हतं. `IS 9798` होतं, पण मी फोटो मोठा केला तेव्हा अक्षरांच्या कडा गोलसर दिसल्या, साबणाची वडी थोडी वापरल्यावर तिच्यावरचं नाव दिसतं तशा. यामागचं कारण सांगते. रेग्युलेटरचं धातूचं अंग साच्यात ओतलेलं असतं. मूळ साच्यात अक्षरं पोलादात कोरतात, म्हणून ओतीव भागावर ती धारदार उठतात. नक्कल करणारा पुष्कळदा खऱ्या वस्तूवरूनच साचा घेतो. मग अक्षरांचे कोपरे एकदा मूळ ओतकामात आणि पुन्हा नकलेच्या साच्यात असे दोनदा झिजतात, शिवाय धातू निवताना आकसतो, त्यामुळे सगळं किंचित लहान आणि बोथट होतं. खरा रेग्युलेटर शेजारी ठेवून एकाच उजेडात फोटो काढला तर फरक लहान मुलालाही दिसेल. वापरून घासलेल्या रेग्युलेटरची अक्षरंही बोथट होतात, पण ती उंच, हात लागणाऱ्या भागावर. खाचेतली अक्षरं वापरानं झिजत नाहीत. खाचेतलीही बोथट असतील तर दोष साच्यातच आहे.

त्याहून पक्की खूण म्हणजे नगाचा क्रमांक. प्रत्येक रेग्युलेटरचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून तो साच्यात कोरलेला असूच शकत नाही. तो ओतकाम झाल्यावर ठोकलेला किंवा लेझरनं कोरलेला, म्हणजे खोलगट असणार. भाचीच्या फोटोत, तिरप्या टॉर्चमुळे, क्रमांकाची सावली बाहेरच्या बाजूला पडली होती. आकडे उठलेले होते. मी तिला म्हटलं, "खालच्या खोलीतल्या मुलीच्या रेग्युलेटरचाही फोटो घे." दहा मिनिटांत आला. दोघींचा क्रमांक एकच. एका साच्यातून निघालेले दोन जुळे, दोन्ही घरमालकांनी एकाच वेळी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून आणलेले.

तारखेचा शिक्का कधी गोल घड्याळासारखा दिसतो : कडेनं एक ते बारा आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. ही गोल चकती साच्यात वेगळी बसवलेली असते आणि फिरवता येते, म्हणून तिच्याभोवती बारीक वर्तुळाची रेघ दिसते. ती रेघ दोष नाही. प्लॅस्टिकच्या बटणावर अशी दुसरी चकती असू शकते आणि तिची तारीख धातूच्या तारखेपेक्षा दोन-तीन महिने मागेपुढे असणं स्वाभाविक आहे. भाग वेगवेगळ्या दिवशी बनतात, जोडले नंतर जातात. चार-पाच वर्षांचा फरक असेल तर मात्र बटण बदललेलं आहे, म्हणजे कुणीतरी रेग्युलेटर खोललेला आहे. खोललेला रेग्युलेटर मी वापरू देत नाही. आतला रबरी पडदा गॅसचा दाब शेगडीला झेपेल इतका उतरवतो, आणि तो पुन्हा तसाच बसला की नाही हे घरी कळायला मार्ग नाही.

ओतकामाचे बाकीचे दोष पाहताना नवीन माणूस चुकीच्या ठिकाणी अडकतो. अंगावरून जाणारी एक बारीक रेघ म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती जागा, ती प्रत्येक ओतीव वस्तूवर असते. लहान गोल ठसे साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे असतात. यांवरून रेग्युलेटर नापास करू नका. पाहायचं ते हे : त्या रेघेवर पापुद्र्यासारखी धार बाहेर आली आहे का, दोन बाजू एकमेकींपेक्षा सरकलेल्या आहेत का, धातूवर फोड किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत का. सर्वांत जास्त वेळ नळी चढते त्या नॉझलच्या उघड्या दिसणाऱ्या भागावर द्या. तिथे लांबीच्या दिशेनं उठलेली रेघ असेल किंवा कानशीनं घासून सपाट केलेला पट्टा असेल, तर रबर तिथे पुरतं चिकटत नाही आणि बरोबर त्या रेघेतून गॅसला वाट मिळते. भाचीच्या रेग्युलेटरच्या नॉझलवर कानशीचे तिरपे ओरखडे दिसत होते. हा तिसरा पुरावा झाला.

शेवटी रेग्युलेटर उलटा करून खालच्या तोंडाचा फोटो घ्या. मधली पिन सरळ हवी आणि भोवतीचे छर्रे सारखे दिसायला हवेत. वायसर शोधू नका, तो सिलिंडरच्या तोंडात असतो, रेग्युलेटरमध्ये नाही. नवीन सिलिंडर घेताना टोपी काढून तिथला रबरी कडा शाबूत आहे का, हे आणणाऱ्या भाऊंसमोरच पाहा.

फोटो संपल्यावर

सगळं पास झालेल्या जोडणीलाही साबणाचं पाणी लावावंच लागतं. नळी नॉझलवर निदान दोन सेंटिमीटर चढवा, रेग्युलेटर बसवा, बर्नर बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि ब्रशनं फेस लावा : रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांवर, आणि नळीच्या वळणावर. बुडबुडा वाढत गेला तर गळती आहे. काडी पेटवून पाहायचं नाही, कधीच नाही.

भाचीनं काकांना फोटो दाखवले. त्यांनी व्हाउचर काढलं, त्यावरचा रेग्युलेटर त्यांच्याच स्वयंपाकघरात लागलेला होता. दोन्ही मुलींनी आपापल्या नावानं कनेक्शन घेतलं. भाडेकरूलाही पत्त्याच्या पुराव्यावर ते मिळतं. रेग्युलेटर एजन्सीतून आले, नळ्याही तिथूनच. नव्या नळीचा छापील ओळीसकट फोटो तिनं मोबाइलमध्ये वेगळा ठेवला आहे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी वाकवून काढलेला फोटो शेजारी ठेवून पाहता येईल.

जुनी नळी कचऱ्यात तशीच टाकू नका, कूलरच्या पाण्यासाठीही ठेवू नका. मधून दोन तुकडे करा, नाहीतर कुणीतरी ती पुन्हा शेगडीला लावतं. नकली रेग्युलेटरचं नॉझल काकांनी पकडीनं चेपून टाकलं आणि मगच ते दोन्ही भंगारवाल्याला दिले.